मिसळीचा रस्सा तिखट झाला, मग आंबटही झाला

काकू, रविवारी सकाळी १० जण मिसळीला होते. नेहमीसारखंच ३ मोठे चमचे तिखट घातलं, पण या वर्षी दळून आणलेलं तिखट जहाल निघालं. ३ लिटर रस्सा जिभेला लावता येईना. चार बटाटे सोडले, ३ लिंबं पिळली, वीस मिनिटं उकळलं. तिखट तसंच राहिलं आणि वर आंबट झालं. पातेलं गॅसवर असताना नक्की काय करायला हवं होतं?

---

मी नाशिकमध्ये २४ वर्षं मिसळीच्या आणि जेवणाच्या ऑर्डर घेते. पातेलं पुढ्यात तिखटजाळ उभं आहे आणि माणसं दारात आलीत, हे मी अनेकदा अनुभवलंय. म्हणून तुझ्याच पातेल्याचं सांगते, ३ लिटर रस्सा आणि ३ लिंबं धरून.

सगळ्यात आधी गॅस बंद करायचा. मंद नाही, बंद. आणि पळी बाजूला ठेवायची. अशा वेळी हात आपोआप ढवळायला जातो, पण आत्ता ढवळणंच नडतं. मिरचीतला जो तिखट अंश असतो तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. फोडणीत तिखट घातलं की तो तेलात उतरतो, आणि मिसळीच्या रश्श्यावर ते तेल तर्री होऊन तरंगतं. म्हणजे तुझ्या पातेल्यातल्या तिखटाचा मोठा वाटा वरच्या अर्ध्या बोटाच्या लाल थरात होता. तू ढवळून ढवळून तो पुन्हा खाली मिसळत राहिलीस. उकळी असेपर्यंतही तेच होतं, कारण उकळी स्वतःच ढवळण्याचं काम करते.

गॅस बंद करून १० मिनिटं पातेलं हलवू नकोस. तेल वर जमतं. मग पातेल्याच्या एका बाजूखाली लाटणं किंवा घडी केलेलं फडकं सरकवून ते जरासं कलतं कर, म्हणजे तर्री एका कडेला गोळा होते. खोल पळीपेक्षा पसरट डाव घे आणि त्याची कड पृष्ठभागाला जेमतेम टेकवून तेल आत ओढून घे. डावात लालभडक तेलाऐवजी दाट चॉकलेटी रस्सा यायला लागला की थांब. ३ लिटरच्या पातेल्यातून अर्धी ते पाऊण वाटी तर्री सहज निघते. ती फेकायची नाही, स्टीलच्या वाटीत काढून ठेवायची. तिचं पुढे काम आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घे, नाहीतर तर्री काढूनही तू नाराज होशील. सगळं तेल वर येत नाही. वाटणातल्या कांदा-खोबऱ्याने काही तेल धरून ठेवलेलं असतं आणि तिखटाची भुकटी खाली तळाशी असते. रस्सा जितका पातळ तितकी ही युक्ती जास्त चालते. शेंगदाण्याच्या कुटाचा किंवा भरपूर खोबऱ्याचा दाट रस्सा असेल तर तर्री वर येतच नाही, सगळं एकजीव झालेलं असतं. पिठलं, भरली वांगी, सुकी भाजी यांत तर काढायला काही नसतंच. पातेलं १० मिनिटं शांत ठेवूनही वर फक्त इकडेतिकडे तेलाचे ठिपके दिसले तर एक करून बघता येतं. २-३ चमचे साधं तेल गरम करून रश्श्यात घालायचं, दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवायचं, परत १० मिनिटं थांबायचं आणि ते तेल काढून घ्यायचं. नवं तेल थोडं तिखट स्वतःकडे ओढतं. फरक थोडाच पडतो, पण पडतो.

तर्री काढल्यावर चाखायचं, आणि चाखण्यातही लोक फसतात. उकळत्या पातेल्यातून चमचा थेट तोंडात घातला तर रस्सा आहे त्याहून तिखट लागतो. जिभेवरची जी जाणीव मिरचीने जागी होते, तीच साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागी होते. दोन्ही आगी एकत्र लागतात. म्हणून दोन चमचे रस्सा वाटीत घेऊन कोमट होऊ दे, मग पावाच्या तुकड्याला लावून खा. मिसळ कोणी नुसता रस्सा पीत खात नाही. मटकी, फरसाण, कांदा, पाव हे सगळं बरोबर आलं की तिखट बरंच उतरतं. तेव्हा नुसता रस्सा ‘जरा चढाच आहे’ असा लागला तर ताटात तो बरोबर लागतो. आणि तीन-चारदा चाखून झालं असेल तर तुझी जीभ आता निकाल द्यायच्या लायकीची राहिलेली नाही. दोन घोट दूध पी आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चाखायला बोलव.

तर्री गेल्यावरही तिखट राहिलं तर मग वाढवणं आलं. इथे बहुतेक जण तांब्याभर पाणी ओततात आणि रश्श्याची चव घालवून बसतात. पाण्याने तिखटाबरोबर मीठ, मसाला, दाटपणा सगळंच पातळ होतं. वाढवायचं ते बिनतिखटाच्या रश्श्याने. तो करायला २० मिनिटं लागतात आणि तोवर पातेलं तसंच झाकून ठेवता येतं. २ मोठे कांदे उभे चिरून तेलावर चांगले लालसर परत, त्यात अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि ६-७ लसणीच्या पाकळ्या घालून खोबरं बदामी होऊ दे, गार करून बारीक वाट. कढईत २ चमचे तेल, त्यात हे वाटण, १ मोठा चमचा धने पूड, थोडी हळद. तेल सुटेपर्यंत परतलं की १ लिटर गरम पाणी. मटकी उकडलेलं पाणी राखून ठेवलं असेल तर साध्या पाण्याऐवजी तेच घे, त्यात चव असते. हे १० मिनिटं उकळलं की मुख्य पातेल्यात घाल. आलं आत्ता नको, त्याचं तिखट वेगळं असलं तरी भर त्यातच पडते.

हिशेब सोपा आहे. ३ लिटरमध्ये १ लिटर मिसळला की तिखट पाऊणपट झालं. आधी तर्रीबरोबर एक मोठा वाटा गेलेला आहेच. एवढ्यात साधारण दीडपट-दुपटीपर्यंत चढलेला रस्सा खाण्यासारखा होतो. त्याहून जास्त चढला असेल तर हट्ट धरू नकोस. अर्धा रस्सा बाजूच्या भांड्यात काढ आणि उरलेल्या अर्ध्यात दीड-दोन लिटर बिनतिखटाचा रस्सा कर. काढलेला अर्धा गार करून फ्रीजरमध्ये गेला की पुढच्या दोन मिसळींचा मसाला तयार असतो.

या टप्प्यावर रस्सा फिकट दिसेल, कारण रंगही तर्रीबरोबर गेला. लगेच काळा मसाला टाकायचा मोह होतो. तो आवर. काळ्या मसाल्यात लाल मिरची असते, मिरी असते, लवंग असते, म्हणजे जे काढलं तेच परत घातल्यासारखं होतं. रंगासाठी २ चमचे तेल गरम कर, गॅस बंद कर, मिनिटभराने त्यात १ छोटा चमचा बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड घाल आणि ते तेल वरून सोड. या मिरच्या रंगाला भरपूर आणि तिखटाला सौम्य असतात. ताटात पुन्हा तर्री दिसते.

बटाट्यांबद्दल सांगते, कारण हे घरोघरी सांगितलं जातं. बटाटा किंवा कणकेचा गोळा तिखट शोषून घेत नाही. तो रस्सा शोषतो, जसा आहे तसा, तिखटासकट. बाहेर उरलेला रस्सा तेवढाच तिखट राहतो, फक्त थोडा कमी होतो. तू सोडलेले चार बटाटे शिजल्यावर कुस्करून त्यातच मिसळले असतेस तर उपयोग झाला असता, कारण तेव्हा रश्श्याचं आकारमान वाढलं असतं. अख्खे ठेवून बाहेर काढले तर काहीच हाती लागत नाही. उकळत ठेवण्याचंही तसंच. घरच्या उकळीने मिरचीचं तिखट मोडत नाही. झाकण काढून वीस मिनिटं उकळलंस तेव्हा पाणी वाफ होऊन गेलं आणि तिखट, मीठ, आंबट तिन्ही आटून दाट झालं.

आता आंबटाकडे. लिंबू पिळायला तुला कोणी सांगितलं असेल तर ते अगदीच खोटं नाही. ताटात वरून पिळलेली लिंबाची फोड तिखटावरून लक्ष वळवते. पण पातेल्यात पिळलेलं लिंबू परत काढता येत नाही. लिंबाचं, चिंचेचं, टोमॅटोचं आम्ल वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे ‘उकळलं की आंबटपणा मरतो’ हे या तिन्हींना लागू होत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वर सांगितलेला बिनतिखटाचा, बिनआंबटाचा रस्सा मिसळून घे, मगच आंबटाला हात लाव. ३ लिंबं ३ लिटरला होती ती आता ४ लिटरला झाली, म्हणजे चौथा हिस्सा आंबटपणा काही न करता उतरला. मिसळीच्या रश्श्याला एका लिंबाएवढा आंबटपणा हवाच असतो. उरला तो जास्तीचा, त्याला खाण्याचा सोडा.

सोडा आंबट झाकत नाही, खरोखर मोडतो. आम्लाशी मिळून त्याचा फेस होतो, वायू निघून जातो आणि मागे एक सौम्य खारट क्षार राहतो. साधारण पाव छोटा चमचा सोडा आपल्याकडच्या एका लहान लिंबाच्या आंबटपणाला पुरतो. तुझ्या पातेल्यात जास्तीत जास्त अर्धा छोटा चमचा, तोही दोन हप्त्यांत. पण थेट पातेल्यात टाकायचा नाही. एका वाटीत डावभर रस्सा घे, त्यात बोटाच्या टोकावर मावेल एवढाच सोडा टाक, फेस बसू दे, चाख. चव हवी तशी वळतेय असं वाटलं तर पातेल्यात पाव चमचा भुरभुरव. पातेलं काठोकाठ भरलेलं नसावं, फेस वर येतो. ढवळून दोन मिनिटं थांब आणि फेस पूर्ण बसल्यावर चाख. फेस असताना चाखलं तर चव कळत नाही आणि माणूस घाईने दुसरा पाव चमचा टाकून मोकळा होतो. बहुतेक वेळा पहिल्या पाव चमच्यातच काम होतं.

सोडा जास्त झाल्याचं कसं ओळखायचं? आमटीत किंवा कढीत ते डोळ्यांनी दिसतं, हळदीचा पिवळा रंग तांबूस व्हायला लागतो. लाल रश्श्यात ते दिसत नाही, तिथे जिभेवर विसंबावं लागतं. साबणासारखी बुळबुळीत, बोथट चव आली म्हणजे हद्द ओलांडली. दुसरी खूण मटकीत दिसते. सोड्याने तिची सालं सुटतात आणि दाणा गाळ होतो. म्हणून मी सोडा घालायच्या आधी झाऱ्याने बरीचशी मटकी बाजूला काढते आणि वाढायच्या वेळी परत सोडते. सोडा जास्त झालाच तर पुन्हा लिंबू पिळत बसू नकोस, त्या ओढाताणीत क्षार साठत जातो आणि रस्सा खारट होतो. तिथे फक्त वाढवणं उरतं. आणि सोड्याच्या जागी बेकिंग पावडर किंवा इनो चालत नाही. त्यांत आम्ल आधीच घातलेलं असतं, त्यामुळे फेस भरपूर दिसतो पण रश्श्यातलं आंबट जवळपास तिथेच राहतं.

मीठ सोड्यानंतर. सोड्यातून थोडा खारटपणा येतोच, म्हणून वाढवलेल्या १ लिटरसाठी आधी अर्धा छोटा चमचा मीठ घालून चाख, मग लागेल तसं एक चमच्यापर्यंत जा. मीठ कमी असलेला रस्सा तिखट आणि आंबट दोन्ही बाजूंनी टोचतो. पुष्कळदा रस्सा बिघडलाय असं वाटतं तेव्हा नुसतं पाणी घालून त्याचं मीठ उतरवलेलं असतं.

गूळ सगळ्यात शेवटी. गूळ आणि साखर काहीही काढून घेत नाहीत, फक्त जिभेचं लक्ष वळवतात. म्हणूनच सुरुवातीला गूळ घातला की फसगत होते. वरवर निवळल्यासारखं वाटतं, आपण पुढचं काही करत नाही, आणि तिसऱ्या घासाला तिखट पुन्हा चढतं. ४ लिटरला सुपारीएवढा खडा पुरे. नाशिकच्या माणसाला मिसळीत गोड लागलेलं आवडत नाही. गूळ आहे हे कळायला लागलं म्हणजे जास्त झाला.

दही आणि दूध पातेल्यात घालायचं नाही. दुधातलं प्रथिन मिरचीचा तिखट अंश धरून ठेवतं, म्हणून तोंड भाजल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही लवकर बरं वाटवतं, हे खरं. पण लिंबू पिळलेल्या गरम रश्श्यात दूध फाटणारच, आणि दह्याच्या गुठळ्या तरंगायला लागतात. ते ताटात वेगळं वाढायचं. आपल्याकडे मिसळीबरोबर दह्याची वाटी असतेच, त्या दिवशी ती मोठी ठेवायची. नारळाचं दूध गाईम्हशीच्या दुधासारखं सहज फाटत नाही आणि त्यातल्या स्निग्धांशाने तिखट बोथट होतं. पण रस्सा कोकणाकडे झुकतो, त्यामुळे मी ते अगदीच नाइलाज झाला तर अर्धी वाटी घालते.

आमटी आंबट झाली तर काम फार सोपं आहे. बिनचिंचेचं उकडलेलं वरण घालायचं, बास. मात्र डाळ पुरती शिजायच्या आधी चिंच पडली असेल तर पंचाईत होते, कारण आंबटात डाळ आणि कडधान्य मऊ होत नाही, कितीही उकळलं तरी दाणा करकरीत राहतो. मटकीचंही तेच, म्हणून लिंबू, चिंच, टोमॅटो नेहमी दाणा बोटाने दबल्यावर. कढी आंबट झाली तर पाण्यात थोडं बेसन कालवून घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. सुक्या भाजीचं तिखट भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाने किंवा ओल्या खोबऱ्याने उतरतं.

एका गोष्टीला मात्र उपाय नाही. फोडणीत तिखट करपलं असेल तर ते तिखट नसतं, कडू असतं. ओळखायचं असं की तिखट जिभेच्या शेंड्याला आणि ओठांना झोंबतं, करपलेलं गिळल्यानंतर घशाशी कडवट राहतं. सुरुवातीच्या काळात एका साखरपुड्याच्या ऑर्डरला माझ्याकडून असा १५ लिटर रस्सा करपला होता. गूळ, खोबरं, दाण्याचं कूट सगळं घालून पाहिलं, शेवटी पातेलं रिकामं करून पहिल्यापासून केलं. आज तसं झालं तर मी गूळ-खोबरं वाया घालवत नाही, लगेच दुसरी फोडणी टाकते.

आता ती काढून ठेवलेली तर्री. मिसळ वाढताना ती गरम करून वाटीत टेबलावर ठेव, ज्याला झणझणीत हवी तो वरून घेईल. दहा जणांत असे दोघे-तिघे निघतातच, आणि लहान मुलांना, म्हाताऱ्यांना सौम्य रस्सा मिळतो. माझ्या ऑर्डरींना मी आता रस्सा मुळातच मध्यम करते आणि तर्री वेगळीच देते. उरलेली तर्री लहान कढल्यात तडतड थांबेपर्यंत तापव, म्हणजे त्यात राहिलेलं पाणी जातं. मग गार करून फ्रीजमध्ये ठेव आणि तीन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरून टाक. चमचाभर पुरतं, वर तिखट घालायचं नाही.

आणि तुझ्या त्या नव्या तिखटाचं. उन्हाळ्यात मिरच्या घेताना बेडगीबरोबर लवंगी किती पडली यावर सगळं ठरतं, आणि भुकटीच्या रंगावरून ते कळत नाही. उलट बेडगी जास्त तांबडी आणि कमी तिखट. दर वर्षी डबा बदलला की मी १ चमचा तेल गरम करून, गॅस बंद करून त्यात पाव चमचा नवं तिखट घालते, कोमट झालं की पावाच्या तुकड्याने टिपून खाते. जुन्या डब्यातलं शेवटचं चमचाभर तिखट याचसाठी राखून ठेवते, त्याचंही तसंच करून दोन्ही तुकडे पाच-सात मिनिटांच्या अंतराने खाते. तुझं जुनं तिखट संपलेलं असेल, तेव्हा पुढच्या मिसळीला नवं ३ ऐवजी दीड चमचा घाल आणि रंगाला दीड चमचा नुसती बेडगी. कमी पडलं तर गरम तेलात तिखट घालून वरून सोडता येतं.